धागा: डेंग्यूत भाऊजींच्या प्लेटलेट १९ हजारावर गेल्या आणि परत आल्या. पपईच्या पाल्यानं, बाटलीनं, की आपोआप?

दिग्रसकडचा · १४ सप्टेंबर, रात्री ९.२०

मंडळी नमस्कार. भाऊजी कालच दवाखान्यातून घरी आले. वय ३८, वजन ६२ किलो. आमच्या घरात आता दोन पक्ष पडलेत. आत्या म्हणते पपईच्या पाल्याच्या रसानं वाचला. ताई म्हणते अकरा हजार रुपयांच्या प्लेटलेटच्या बाटलीनं वाचला. गावातल्या पपईच्या झाडांना पान उरलं नाही, खरंच सांगतो, नुसते दांडे उभे आहेत.

झालं असं. शनिवारी ताप आला, अंग फोडून निघालं. सोमवारी, म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी, डेंग्यूची एनएस-वन तपासणी पॉझिटिव्ह आली. तेव्हा प्लेटलेट १ लाख १२ हजार. चौथ्या दिवशी ६८ हजार. पाचव्या दिवशी ताप उतरला, आम्ही सगळे खूश, पण भाऊजी गप्प पडून होते, पोट दुखतं म्हणाले, दोन उलट्या झाल्या. आकडा ३४ हजार. संध्याकाळी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात भरती केलं, सलाईन लावलं. सहाव्या दिवशी सकाळी १९ हजार. त्याच सकाळी आत्यानं रस सुरू केला, आणि दुपारी डॉक्टरांनी एसडीपीची, म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेटची, चिठ्ठी दिली. मी यवतमाळहून बाटली आणली, रात्री चढवली. सातव्या दिवशी २४ हजार, आठव्या दिवशी ५१, नवव्या दिवशी १ लाख १०.

रक्त कुठूनच गेलं नाही. ना हिरड्यांतून ना नाकातून.

आता विचारायचं कारण हे की शेजारच्या चुलतभावाची पोरगी, बारावीला आहे, तिला आज तापाचा तिसरा दिवस आहे आणि तिचीही एनएस-वन पॉझिटिव्ह आली. घरचे रस गाळूनच राहिले आहेत. त्यांना काय सांगू?

कापूसकोंडी · रात्री ९.४१

भाऊ, माह्या पोट्ट्याले मागच्या साली झाला होता डेंग्यू. पपईचा पाला, गुळवेल, बकरीचं दूध, किवी, सारं देल्लं. बकरीचं दूध २०० रुपये पाव भेटे तवा, बकरीवाल्याची चांदी झाली. पोट्टं बरं झालं. आता कायनं झालं ते बकरीले माहीत. पण लेकाले कडू रस पाजला का भडाभडा ओके, ते मात्र ध्यानात हाय.

आर्णीचे गुरुजी · रात्री १०.०५

प्रथम एक दुरुस्ती. आपल्याकडे सर्रास "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असं म्हणतात. पांढऱ्या पेशी निराळ्या, प्लेटलेट निराळ्या. डेंग्यूत दोन्ही कमी होतात म्हणून घोळ होतो. मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

आता मूळ प्रश्न. डेंग्यूचा विषाणू प्लेटलेट खातो, म्हणून त्या घटतात. आणि पपईच्या पानाला उगाच हसू नये. मलेशियात २०१३ साली २२८ रुग्णांवर अभ्यास झाला आहे. ५० ग्रॅम पानांचा रस रोज, तीन दिवस. रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट वाढल्या. तेव्हा आत्याबाईंचं सगळंच चूक म्हणू नका.

अमरावतीचा, सध्या पुणे · रात्री १०.१८

रस वगैरे सोडा आणि पोरीला सरळ नागपूरला हलवा. पैशाकडे बघू नका, एसडीपी आधीच बुक करून ठेवा. माझा मित्र २०१९ मध्ये डेंग्यूनं गेला. त्याच्या प्लेटलेट ६० हजार होत्या तरी गेला. डॉक्टर म्हणत होते अजून गरज नाही, गरज नाही. बाटली वेळेवर दिली असती तर आज असता.

रात्रपाळी · रात्री ११.३२

मी फिजिशियन आहे, विदर्भातच, सरकारी नोकरीत. वॉर्डात सध्या एका खाटेवर दोघं आहेत, त्यामुळे तुकड्यातुकड्यानं लिहितो.

दिग्रसकर, आधी एक काम करा. फाईल काढा. प्लेटलेटच्या वर तीनचार ओळी सोडून त्याच कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट असं छापलेलं असतं, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा किती. रोजचा तो आकडा इथे टाका. पाचव्या दिवशीचं बीपीही टाका, वरचं आणि खालचं दोन्ही. तोवर पोरगी पाणी पिते का आणि शेवटची लघवी कधी झाली, एवढं विचारून घ्या.

अमरावतीकर, मित्राबद्दल वाईट वाटलं. पण ६० हजार प्लेटलेट असताना माणूस गेला, या तुमच्याच वाक्यात सगळं आहे. तो आकडा जीव जाण्याइतका कमी नव्हता. दुसरंच काही तरी चाललं होतं.

दिग्रसकडचा · १५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

सर, फाईल सापडली. पीसीव्ही असा: तिसऱ्या दिवशी ४१, चौथ्या दिवशी ४४, पाचव्या दिवशी ५०, सहाव्या दिवशी ४४, सातव्या दिवशी ४२, आठव्या दिवशी ३९. पाचव्या दिवशी संध्याकाळी भरती करताना बीपी १००/८४ लिहिलंय. सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या, बीपी ठीक आहे.

पोरगीनं पहाटे पाचला लघवी केली. रस प्यायल्यावर एकदा ओकली.

रात्रपाळी · सकाळी ८.०२

बीपी ठीक नव्हतं. वरचं शंभर दिसलं की आपल्याला बरं वाटतं. पण १०० आणि ८४ यांत अंतर फक्त १६ चं आहे. हे अंतर वीस किंवा त्याखाली आलं की समजायचं, नसांतलं पाणी कमी पडतंय आणि शरीर नसा आवळून कसंबसं बीपी धरून आहे. तळहात गार लागले असतील तेव्हा.

पीसीव्ही ४१ वरून ५० वर गेला, म्हणजे पाचवा हिस्सा आणि वर थोडं अधिकच. डेंग्यूत नसांच्या आतलं अस्तर काही काळ झिरपायला लागतं. पातळ द्रव पोटात, छातीच्या पोकळीत जातो, तांबड्या पेशी मागे राहतात, रक्त घट्ट होतं. हे घडतं नेमकं ताप उतरताना आणि चालतं साधारण एक ते दोन दिवस. पोटदुखी, उलट्या, गप्प पडून राहणं, सगळं त्याचंच.

म्हणजे तुमच्या भाऊजींचा धोक्याचा दिवस पाचवा होता, जेव्हा घरात सगळे खूश होते आणि प्लेटलेट ३४ हजार होत्या. १९ हजाराच्या दिवशी पीसीव्ही ४४ वर आलेला आहे, म्हणजे गळती भरून निघत होती. ती भरली सलाईननं. ६२ किलोच्या माणसाला अशा वेळी पहिल्या तासात साधारण ३०० ते ४०० मिली देतात, मग नाडी, बीपी, लघवी बघत वेग कमी करत आणतात. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी हे नीट केलेलं दिसतंय. त्यांचं नाव घरात कोणीच घेत नाही, कारण सलाईनची बाटली सत्तर रुपयांची असते.

कापूसकोंडी · सकाळी ८.२०

म्हंजे वरणातलं पाणी गळून गेलं का वरण घट्ट होते, तसं. आन आमी डाळीचे दाणे मोजत बसलो.

रात्रपाळी · सकाळी ८.२४

अगदी तसंच. हे मी उद्या राउंडला वापरणार.

आर्णीचे गुरुजी · सकाळी ९.००

डॉक्टरसाहेब, गळती समजली. पण प्लेटलेट का घटतात हे राहिलंच. आणि मलेशियाच्या अभ्यासाचं काय?

रात्रपाळी · दुपारी २.४५

राउंड आत्ता संपला. गुरुजी, भाऊजींच्या आकड्यांवरच बघू.

प्लेटलेट तयार होतात हाडांतल्या मज्जेत. एकेक प्लेटलेट आठ ते दहा दिवस जगते. डेंग्यूच्या पहिल्या तीन-चार दिवसांत मज्जा मंदावते. १९६० च्या दशकात थायलंडमध्ये रुग्णांची मज्जा काढून तपासली होती, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत ती ओस पडलेली आणि नंतर पुन्हा भरलेली दिसली. आता समजा मज्जा पूर्ण बंद पडली. तरी जुन्या प्लेटलेट रोज दहाव्या-आठव्या हिश्शानंच मरतील. दोन लाखांतून दिवसाला वीस-पंचवीस हजार. इथे तर ६८ चे एका रात्रीत ३४ झाले, एका दिवसात निम्मे. नुसता कारखाना बंद पडून असं होत नाही, कोणी तरी साठाही उचलून नेतंय.

नेणारा मुख्यतः विषाणू नाही, गुरुजी. विषाणू प्लेटलेटमध्ये शिरतो हे खरं आहे, तेवढं तुमचं बरोबर. पण ताप उतरतो तेव्हा रक्तातला विषाणू संपत आलेला असतो आणि प्लेटलेट मात्र तेव्हाच तळाला जातात. त्यानं खाल्ल्या असत्या तर तो भरपूर असताना तळ गाठला असता. हे काम आपल्याच प्रतिकारशक्तीचं आहे. एनएस-वन या विषाणूच्या प्रथिनाविरुद्ध शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं, त्यांतली काही चुकून प्लेटलेटलाच चिकटतात. अशी खूण लागलेली प्लेटलेट प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी उचलतात. शिवाय बऱ्याच प्लेटलेट चेतवल्या जाऊन नसांच्या दुखावलेल्या अस्तराला चिकटून खर्ची पडतात.

आणि हा जोर ओसरेपर्यंत मज्जा आधीच परत कामाला लागलेली असते. म्हणून सातव्या-आठव्या दिवशी आकडा उसळी मारतो. ५१ वरून १ लाख १० हा रसाचा वेग नाही, भरलेल्या मज्जेचा वेग आहे. तापाच्या सहाव्या दिवशी काहीही सुरू करा, पपई, किवी, बकरीचं दूध, मारुतीला नारळ, आठव्या दिवशी त्याला यश येतं.

मलेशियाचा अभ्यास खरा आहे. पण त्यात रस कोणाला मिळतोय हे सगळ्यांना माहीत होतं, रसासारखा दिसणारा खोटा रस दुसऱ्या गटाला दिला नव्हता. मोजमाप दोन दिवसांतल्या प्लेटलेटच्या आकड्याचं होतं. शॉकमधले रुग्ण त्यात नव्हते. आकडा थोडा लवकर चढतो हे मी मान्य करायला तयार आहे. त्यानं गळती थांबते किंवा जीव वाचतो, असं मात्र त्यातून निघत नाही. आणि पोरगी रसानं ओकली हे मला आवडलेलं नाही. वारंवार उलटी हे डेंग्यूतलं धोक्याचं लक्षण आहे. उद्या ती ओकली तर ते आजारानं की रसानं, हे मला कसं कळणार? शिवाय पोटातलं पाणी गेलं ते वेगळंच.

आर्णीचे गुरुजी · दुपारी ३.३०

विषाणूबद्दल मान्य. पानाबद्दल पूर्ण नाही. एका अभ्यासात उणिवा असल्या म्हणून पान निरुपयोगी ठरत नाही. ज्याला पचतो त्यानं घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

रात्रपाळी · दुपारी ३.४१

ज्याला पचतो तो, आणि ओआरएस, पेज, ताक यांच्या बदल्यात नाही. इतपत तडजोड मी वॉर्डातही करतो.

सावली_८८ · दुपारी ४.१०

माझ्या आईच्या प्लेटलेट गेली दोन वर्षं ६०-७० हजारच येतात. ताप नाही, काही नाही. मग तिला दोन वर्षांपासून डेंग्यू आहे का? पपई द्यावी का?

रक्तपेढीवाली · सायंकाळी ५.०५

सावली, तुमचा विषय वेगळा आहे. दोन वर्षं डेंग्यू नसतो. मी लॅब आणि रक्तपेढी मिळून चौदा वर्षं काढली आहेत. काही जणांचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या औषधानं गोळा होतं, प्लेटलेटचे गठ्ठे बनतात आणि मशीन गठ्ठ्याला एक मोजतं किंवा मोजतच नाही. लॅबला सांगा, काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा तपासा. तिथेही कमीच आल्या तर मात्र फिजिशियनला दाखवा.

मशीनचा आकडा डेंग्यूतही असा फसवतो. सकाळी एका लॅबमध्ये ४० आणि दुपारी दुसऱ्या लॅबमध्ये ५५ आले की घरचे नाचतात. दोन मशीनमध्ये तेवढा फरक पडतो. बोट टोचून काढलेल्या रक्तात आणखी पडतो.

आता दिग्रसकर, एक विचारते, रागावू नका. एसडीपीची पिशवी यवतमाळहून कशात आणली?

दिग्रसकडचा · सायंकाळी ५.२०

थर्माकोलच्या डब्यात, बर्फ टाकून. दवाखान्यातल्या पोरानं सांगितलं होतं. दोन तास लागले, रस्त्याचं काम सुरू आहे. का, काही चुकलं का ताई?

रक्तपेढीवाली · सायंकाळी ५.४८

चुकलं, पण तुमचं नाही, सांगणाऱ्याचं. रक्ताची पिशवी बर्फात आणतात, प्लेटलेटची नाही. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ट्रेवर ठेवतात आणि पाच दिवसांत वापरतात. थंडी लागलेल्या प्लेटलेट शरीर लवकर उचलून काढून टाकतं. आम्ही देताना सांगतो, पिशवीवर छापलेलंही असतं, पण नातेवाईक तेव्हा कुठे वाचण्याच्या मनःस्थितीत असतात.

एसडीपीनं मोठ्या माणसाचा आकडा साधारण ३० ते ५० हजारांनी चढायला हवा. तुमचा १९ वरून २४ झाला. म्हणजे अकरा हजार रुपयांत पाच हजार प्लेटलेट, त्यातल्या किती भाऊजींच्या स्वतःच्या, देव जाणे.

दिग्रसकडचा · सायंकाळी ५.५५

अरे देवा. हे ताईला सांगणार नाही.

रात्रपाळी · रात्री १०.१५

बर्फामुळे वाया गेल्या की नाही, हे आता ठरवता येणार नाही. कारण व्यवस्थित आणलेल्या प्लेटलेटही डेंग्यूत अशाच गायब होतात. जी प्रतिद्रव्यं स्वतःच्या प्लेटलेटला चिकटतात ती दात्याच्या प्लेटलेटला सोडत नाहीत. भोक पडलेल्या कोठीत पोतं ओतण्यासारखं ते.

अमरावतीकर, हे तुमच्यासाठी. २०१७ साली लान्सेटमध्ये सिंगापूर आणि मलेशियाच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. डेंग्यूचे ३७२ प्रौढ रुग्ण, सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली, वाहता रक्तस्राव नाही. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव चढवलेल्यांत शंभरातल्या २१ जणांना, न चढवलेल्यांत २६ जणांना झाला. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका लहान होता. अंगावर पित्त उठणं, श्वास लागणं असे बाटलीचे त्रास मात्र एकूण १३ विरुद्ध २ निघाले. शिवाय झिरपलेलं पाणी सहाव्या-सातव्या दिवशी परत नसांत येतं. तेव्हा वरून आणखी बाटल्या ओतल्या तर फुप्फुसात पाणी भरतं.

तुमच्या मित्राची फाईल मी बघितलेली नाही, म्हणून ठाम बोलत नाही. पण ६० हजारावर बाटली मिळाली असती तरी गळती थांबली नसती.

अमरावतीचा, सध्या पुणे · रात्री १०.४०

त्याचं पोट फुगलं होतं शेवटच्या दिवशी. आम्हाला वाटलं गॅस आहे.

पण मग १९ हजाराला चिठ्ठी दिलीच का त्या डॉक्टरांनी? आणि रक्त वाहतंच असेल तर?

रात्रपाळी · रात्री ११.०५

रक्त वाहत असेल, काळी शौच, रक्ताची उलटी, बायकांना थांबत नाही अशी पाळी, तर प्लेटलेट द्यायच्या, मग आकडा कितीही असो. आणि अशा वेळी बहुतेकदा रक्तही लागतं. वाहत नसेल तर आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना १० हजाराखाली देण्याचा विचार करा म्हणतात. काही सहकारी त्याखालीही थांबतात, काही २० लाच देतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पोटात जुना अल्सर असेल, तर मीही लवकर देतो. यावर आमच्यातच एकमत नाही.

१९ ला चिठ्ठी का? रात्री दोन वाजता वॉर्डाबाहेर पंचवीस नातेवाईक उभे असतात आणि सगळ्यांना एकच आकडा पाठ असतो. मीही लिहिली आहे अशी चिठ्ठी. अभिमानानं सांगत नाही.

पोरगीसाठी: तापाला फक्त पॅरासिटामॉल. कमरेत सुई नाही, डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नाही. ताप उतरला की खरी पहारेदारी सुरू. पोटदुखी, सारख्या उलट्या, हातपाय गार, सहा तास लघवी नाही, पोरगी सुस्त किंवा उगाच चिडचिडी, यांतलं एकही दिसलं तर आकडा न बघता निघा. नागपूरच पाहिजे असं नाही, जिथे सलाईन आणि रात्रभर बघणारं माणूस आहे तिथे.

कापूसकोंडी · रात्री ११.१२

आन कूलरचं पाणी सांडा राजेहो. गणपती बसले तरी गावात कूलरच्या टाक्या भरूनच हायेत. उनाया संपून तीन महिने झाले.

दिग्रसकडचा · १७ सप्टेंबर, सकाळी ७.३५

पोरगीचा काल रात्री ताप उतरला, म्हणजे पाचव्या दिवशीच. ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात नेलं, पोट दुखत होतं थोडं. प्लेटलेट ४२ हजार, आधी ७१ होत्या. घरचे आकडा ऐकून रडायलाच लागले. मी पीसीव्ही विचारला तर तिथल्या डॉक्टर मॅडमनी वर पाहिलं. ३८, परवा ३७ होता. बीपी ११०/७४. रात्रीतून दोनदा लघवी झाली. सलाईन लावलंय, हळू आहे.

आत्या डबा घेऊन आली होती, हिरवा. मी घेतला आणि पायरीखाली ठेवलाय.

रक्तपेढीवाली · सकाळी ७.५०

दुपारचा सीबीसी त्याच मशीनवर करा, दुसऱ्या लॅबला पाठवू नका.

रात्रपाळी · सकाळी ८.१५

ठीक दिसतंय, पण अजून चोवीस तास पहारा आहे. दुपारचा पीसीव्ही टाका इथे.